ओटीपीची फसवणूक आणि पार्सलचा फोन: एक गोंधळ जो थांबायला हवा

पार्सलच्या नावाने येणाऱ्या धमकीच्या फोनची बातमी आली की तिच्याखाली ठरावीक सल्ला चिकटवला जातो: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पिन कोणाला देऊ नका. सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याच गुन्ह्यासाठी आहे. घराला आग लागण्याची भीती असताना दाराला दुप्पट कुलपे लावण्यासारखे हे झाले. दोन्ही गुन्हे फोनवरून होतात आणि दोन्हींत बँकेतले पैसे जातात, एवढ्या साम्यावर त्यांना ‘सायबर फसवणूक’ या एकाच पोत्यात घातले जाते. मग पार्सलच्या फोनला बळी पडणारा माणूस स्वतःलाच समजावतो, “यांनी तर माझ्याकडे ओटीपी मागितलाच नाही.”

ओटीपीची फसवणूक वाचकांना पाठ आहे. केवायसी संपल्याचा किंवा कार्ड बंद पडल्याचा बहाणा होतो, पिन, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करण्याची परवानगी काढून घेतली जाते आणि काही मिनिटांत खात्यातून रक्कम वळते. तिथे पैसे चोर काढतो. खातेदाराकडून त्याला फक्त किल्ली हवी असते आणि ती मिळाली की खातेदाराचे काम संपते.

पार्सलच्या फोनमध्ये पैसे चोर काढत नाही, खातेदार स्वतः पाठवतो. खरा फरक एवढाच आहे आणि बाकी सगळे त्यातूनच निघते. इथे पासवर्डची गरज नसते, कारण पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो माणूसच ताब्यात घेतलेला असतो. म्हणूनच काही वेळा समोरचा ‘अधिकारी’ स्वतः बजावतो की ओटीपी कोणालाही, अगदी मलासुद्धा सांगू नका. त्या एका वाक्याने त्याच्यावरचा विश्वास दुणावतो आणि त्याचे काहीच नुकसान होत नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. एका निवृत्त प्राध्यापिकांना सकाळी फोन येतो. आधी ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की आपले पार्सल अडवण्यात आले आहे, अधिक माहितीसाठी अमुक अंक दाबा. अंक दाबल्यावर कुरियर कंपनीचा म्हणवणारा कर्मचारी सांगतो की आपल्या आधार क्रमांकावरून मुंबईहून परदेशी एक खोके पाठवले गेले असून त्यात काही पासपोर्ट, बँकेची कार्डे आणि एमडीएमए हा अमली पदार्थ सापडला आहे. बाई म्हणतात, मी काहीच पाठवलेले नाही. कर्मचारी वाद घालत नाही. उलट सहानुभूतीने म्हणतो की मग आपल्या आधारचा गैरवापर झालेला दिसतो, तक्रार नोंदवा, मी आपला फोन पोलिसांकडे जोडून देतो. हा फोन ‘जोडून देणे’ फार चतुर आहे, कारण त्यामुळे पुढच्या माणसाशी आपणच संपर्क साधला असे ऐकणाऱ्याला वाटते.

पुढचा माणूस गणवेशात, मागे बोधचिन्ह लावून व्हिडिओवर येतो. आधारचे शेवटचे काही अंक, पत्ता, कधी वडिलांचे नावही तो वाचून दाखवतो. ही माहिती बाहेर विकत मिळते, पण ऐकणाऱ्याला ती सरकारी दप्तरातली वाटते. मग आरोप बदलतो. अमली पदार्थ मागे पडतात आणि आपल्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरल्याचे सांगितले जाते. प्रकरण गोपनीय आहे, घरच्यांना सांगितल्यास त्यांनाही आरोपी करावे लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत कॅमेरा बंद करता येणार नाही, अशा अटी येतात.

लोक इथे गणवेश खोटा कसा ओळखायचा, नंबर कुठल्या देशाचा होता, समोरच्याची हिंदी कशी होती, यांवर चर्चा करत बसतात. मला ती चर्चा निरुपयोगी वाटते. गणवेश उद्या अधिक चांगला शिवला जाईल. 2024 मध्ये लुधियानाच्या एका ज्येष्ठ उद्योगपतींना तर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीच दाखवण्यात आली आणि त्यांचे सुमारे 7 कोटी रुपये गेले. देखावा किती हुबेहूब आहे यावर ज्याची पारख अवलंबून आहे, तो केव्हा ना केव्हा हरणारच.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह कशासाठी? ओटीपीच्या चोराला घाई असते, त्याला फोन लवकर संपवायचा असतो. या टोळीला मात्र वेळ हवा असतो, कारण मोठी रक्कम एका झटक्यात निघत नाही. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला 1 लाख रुपयांची आहे आणि आयुष्याची पुंजी सहसा मुदत ठेवीत असते. आरटीजीएस ऑनलाइन अहोरात्र चालते, पण ठेव मोडून मोठी रक्कम पाठवायला अनेक ज्येष्ठ शाखेतच जातात, म्हणजे आज सायंकाळी घाबरवलेला माणूस उद्या सकाळी अकरापर्यंत घाबरलेलाच राहायला हवा. रात्रभर व्हिडिओ चालू ठेवणे त्यासाठीच असते. मधल्या काळात मुलीचा फोन येऊ नये, शेजारी बसून चहा पिताना ‘असं असं झालं’ हे वाक्य तोंडून निघू नये, झोप होऊन डोके थंड होऊ नये, याची राखण कॅमेरा करतो.

आपल्या प्राध्यापिका दुसऱ्या दिवशी शाखेत जातात आणि 14 लाखांची ठेव मोडतात. फोन पर्समध्ये चालूच असतो. अधिकारी कारण विचारतात तेव्हा, पढवल्याप्रमाणे, त्या सांगतात की फ्लॅटचे पैसे द्यायचे आहेत. रक्कम फक्त ‘पडताळणीसाठी’ आहे, रिझर्व्ह बँक तपासून दोन दिवसांत परत करील, असे त्यांना सांगितलेले असते आणि तशी शिक्का मारलेली पावतीही व्हॉट्सॲपवर येते. आरटीजीएसच्या अर्जावर त्या लाभार्थी म्हणून कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चे चालू खाते लिहितात. सगळ्या नाटकात खोटेपणा उघडा पडण्याची सर्वांत ठळक जागा हीच असते. पैसे कायदेशीर आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी ते आधी आपल्याकडे पाठवायला लावणारी कोणतीही यंत्रणा भारतात नाही, आणि सरकारी देणे चलनाने सरकारी खात्यात भरले जाते, परगावच्या एखाद्या पेढीच्या चालू खात्यात नव्हे. एप्रिल 2025 पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पडताळून पाहण्याची सोय बँकांनी देणे अपेक्षित आहे. ती वापरून पाहावी, कारण तिथे दिसणाऱ्या नावाचा रंगवून सांगितलेल्या सरकारी यंत्रणेशी काडीचाही संबंध नसतो.

खऱ्या तपासाशी तुलना थोडक्यातच करतो, कारण अडचण तिथे नाही. अटक ही प्रत्यक्ष व्यक्तीला ताब्यात घेऊन होते आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. कॅमेऱ्यासमोर असे अडकवून ठेवण्याला या टोळ्या ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण त्या नावाची तरतूद कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. सीमाशुल्क विभागाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन हा त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. न्यायालये व्हिडिओवर सुनावण्या खरोखर घेतात आणि काही समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतात, त्यामुळे ‘व्हिडिओवर आले म्हणजे खोटेच’ हा नियम टिकत नाही. टिकणारा नियम असा की खरी यंत्रणा कोणाला सांगू नका म्हणत नाही, वकिलाला भेटण्यापासून अडवत नाही आणि पैसे मागत नाही.

आता पैसे खातेदार स्वतः पाठवतो या फरकाच्या सर्वांत कडू परिणामाकडे येऊ, ज्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व मर्यादित केले ते अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांपुरते. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर बोजा पडत नाही, अशी त्याची रचना आहे. प्राध्यापिकांच्या व्यवहारावर मात्र त्यांची स्वतःची सही आहे. तो दबावाखाली झाला असला तरी बँकेच्या नोंदीत तो ग्राहकाने अधिकृत केलेला व्यवहार आहे, त्यामुळे त्या परिपत्रकाकडे बोट दाखवून रक्कम हक्काने मागता येत नाही. मग आशा उरते ती पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अजून शिल्लक असण्यावर. टोळ्या भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून रक्कम तुकडे करून पुढे ढकलतात, म्हणून प्रत्येक तास मोलाचा असतो.

त्यामुळे पैसे पाठवल्यावर शंका आली तर त्या ‘अधिकाऱ्या’शी आणखी एक शब्दही न बोलता 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि त्याच वेळी आपल्या बँकेला कळवावे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, लाभार्थ्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी हाताशी ठेवावेत, कारण समोरच्या खात्यातली शिल्लक गोठवण्याची विनंती याच तपशिलांवर पुढे जाते. बँकेला लिहिताना ‘माझ्या खात्यातून कोणीतरी पैसे काढले’ असे लिहू नये. घाबरलेली माणसे नेमके तेच लिहितात आणि मग बँक ओटीपी, कार्ड, पासवर्ड यांची चौकशी करण्यात दिवस घालवते. ‘पोलीस असल्याचे भासवून, व्हिडिओवर धमकावून माझ्याकडून ही रक्कम या खात्यात पाठवून घेतली, शिल्लक त्वरित रोखावी’ असे लिहिले की अर्ज थेट योग्य टेबलावर जातो. व्हिडिओचे स्क्रीनशॉट, खोट्या पावत्या आणि गप्पांचा इतिहास पुसू नये. आणि काही दिवसांनी ‘आपली रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो बहुधा फसलेल्यांच्या यादीवरून नाव उचलून केलेला असतो. त्या फोनचा नंबर आणि मागितलेली रक्कम आधी केलेल्या तक्रारीच्या क्रमांकाखालीच कळवावी.