सव्वादोन सेंटिमीटरचं मुखपृष्ठ

रील एडिट करताना त्याचं कव्हर अख्ख्या स्क्रीनभर दिसतं. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर मात्र एका ओळीत तीन चौकटी बसतात. फोनचा पडदा साधारण 68 मिलिमीटर रुंद धरला, तर तुमच्या कव्हरच्या वाट्याला सव्वादोन सेंटिमीटरच येतात. कव्हर फसण्याचं मुख्य कारण हेच: ते मोठ्या आकारात बघून ठरवलेलं असतं.

उदाहरण घेऊ. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेणाऱ्या घरगुती व्यवसायाचं तीस सेकंदांचं रील आहे. कव्हरवर वाक्य टाकलंय, ‘गणेश चतुर्थीनिमित्त उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी सुरू’. कव्हरची रुंदी 1080 पिक्सेल, म्हणजे प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये एका मिलिमीटरला जवळपास 48 पिक्सेल. फोन डोळ्यांपासून 30 सेंटिमीटरवर असताना सहज वाचायला अक्षर किमान एक मिलिमीटर उंच लागतं आणि अंगठा वर सरकवत असताना त्याच्या दुप्पट तरी. एवढ्या मोठ्या अक्षरात हे वाक्य चार ओळी खातं आणि मोदकाला जागाच उरत नाही.

त्याऐवजी ‘मोदक का फुटतो?’ हे तीन शब्द घ्या. 150 पिक्सेलच्या अक्षरात ते दोन ओळींत बसतात: वर ‘मोदक’, खाली ‘का फुटतो?’. अक्षराची उंची होते तीन मिलिमीटर. दोन ओळींत ऐसपैस अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटतात. फॉन्ट ठळक हवा, पण अतिठळक नको. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेपाशी एवढासाच असतो. जाड फॉन्टमध्ये तो बुजतो आणि ‘घरचे’चं ‘धरचे’ होतं.

शब्द कमी ठेवण्याचं खरं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. अगदी स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मध्यातला सुमारे दोन अंशांचा भाग, म्हणजे 30 सेंटिमीटरवर जेमतेम एक सेंटिमीटर. त्याच्या बाहेर जवळजवळ ठेवलेल्या आकृत्या एकमेकींत मिसळतात आणि ओळखू येत नाहीत. या परिणामाला ‘क्राउडिंग’ म्हणतात. पडद्यावर एकाच वेळी नऊ-बारा चौकटी असताना, नजर अजून शेजारच्या चौकटीवर असतानाच तुमची चौकट कडेला धूसर दिसत असते. तिथून ओळखू येतो तो एक मोठा आकार आणि भोवतालची मोकळी जागा. पाच मोदक, समई, फुलं आणि लोगो एकत्र असले की तिथे नुसता गोंधळ दिसतो.

म्हणून फ्रेम एकाच मोदकाची हवी, आणि तीही स्थिर. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत शटर बऱ्याचदा 1/60 सेकंद उघडं असतं. हात सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगानं फिरला, तर तेवढ्या वेळात मोदक पाच मिलिमीटर सरकतो आणि कळ्या पुसल्या जातात. व्हिडिओ चालताना हे जाणवत नाही, थांबवल्यावर दिसतं. चित्रण करतानाच मोदक हातात धरून पूर्ण एक सेकंद थांबा, म्हणजे निवडीला तीस स्वच्छ फ्रेम मिळतात. त्याच उजेडात एक साधा फोटोही काढून ठेवा. `Edit cover` मध्ये गॅलरीतलं चित्र घेता येतं आणि व्हिडिओतून काढलेल्या फ्रेमपेक्षा ते जास्त रेखीव असतं.

पांढरा मोदक पांढऱ्या ताटलीत ठेवू नका. चित्र कृष्णधवल करून बघा. मोदकाची कड हरवली, तर रंगांनी तुम्हाला फसवलंय. गडद केळीच्या पानावर मोदक आणि पानाच्याच गडद भागावर पांढरं शीर्षक, हे हमखास जमतं.

आता जागा. जानेवारी 2025 पासून ग्रिडची चौकट चौरसाऐवजी 3:4 झाली. 1080×1920 च्या कव्हरमधले वरचे-खालचे 240-240 पिक्सेल तिथे कापले जातात. जुन्या चौरस कापात 420-420 जात. दोन्हींत टिकायला शीर्षक वरून 450 ते 890 पिक्सेलमध्ये आणि मोदक 900 ते 1500 मध्ये ठेवा. वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा मोकळा सोडा, तिथे रीलचं चिन्ह आणि व्ह्यूजचा आकडा येतो.

एक गोष्ट फार जणांकडून सुटते. कव्हरवर टॅप केलं की कव्हर दिसत नाही, रीलची पहिली फ्रेम सुरू होते. तिथे लोगो फिरत असेल, तर ‘का फुटतो?’ विचारून आलेला माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. पहिल्याच सेकंदाला फुटलेला मोदक दाखवा आणि तेच तीन शब्द त्याच फॉन्टमध्ये पुन्हा आणा. लगेच उत्तर द्या: उकड कोरडी राहिली, गरम असताना पाण्याचा हात लावून पुरेशी मळली नाही, की कळ्या पाडताना कडा चिरतात. ऑर्डरची माहिती त्यानंतर.

टाकण्याआधी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, त्यातल्या एका चौकटीवर नवं कव्हर बसवा आणि घरातल्या कुणाला तरी एक सेकंद दाखवून फोन उलटा ठेवा. ‘मोदक’ आणि ‘फुटतो’ हे दोन्ही शब्द त्यांनी सांगितले, तर कव्हर टाका. नुसतं ‘काहीतरी पांढरं होतं’ असं म्हणाले, तर आधी मोदक मोठा करा आणि मगच अक्षरांना हात लावा.