मोजलेला काउंट की दुरुस्त काउंट? अर्धायुष्य नेमकं कशावरून काढायचं

किरणोत्सारी स्रोताचं अर्धायुष्य म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, हे सगळ्यांनाच पाठ असतं. काउंट आणि वेळ यांच्या आलेखाचा वक्र सुरुवातीला तीव्र उतरतो, मग मंदावतो, हेही माहीत असतं. त्यामुळे बिंदू पट्टीने जोडू नका, एकच सलग वक्र काढा, एवढंच सांगून पुढे जातो. वर्कशीटवर खरी गल्लत होते ती निम्मं कशाचं करायचं इथे.

गायगर काउंटर जे मोजतो त्यात स्रोताबरोबर बॅकग्राउंडही येतं, म्हणजे खडक, हवेतला रेडॉन, वैश्विक किरण यांचं प्रारण. समजा सुरुवातीला मिनिटाला 180 काउंट मिळाले आणि बॅकग्राउंड 20 आहे. स्रोताचे झाले 160, हाच दुरुस्त काउंट. ऱ्हास होतो तो या 160 चा. बॅकग्राउंडचे 20 तसेच राहतात.

अर्धायुष्य 4 मिनिटं असेल, तर मोजलेले आकडे साधारण 180, 100, 60, 40, 30 असे दर 4 मिनिटांनी उतरतील. आता बरेच जण 180 चे निम्मे 90 करतात, आडवी रेघ मारतात आणि 4.8 मिनिटं वाचतात. उत्तर दिसायला ठीकठाक असतं, म्हणूनच ही चूक सुटून जाते. काही जण 90 मधून मग 20 वजा करतात, तेही चूकच. आधी वजाबाकी, मग निम्मं: 160 चे 80. मोजलेल्याच आलेखावर वाचायचं असेल तर त्यात 20 मिळवून रेघ 100 वर मारायची.

तपासताना मी एकाच वाचनावर कधीच विश्वास ठेवत नाही. त्याच आलेखावर 90 वरून 45 वर यायला किती वेळ लागला ते पाहा: जवळपास 6 मिनिटं. पुढे 45 वरून 22.5 वर यायला 13 पेक्षा जास्त. त्याच्या निम्म्यावर तर वक्र कधी पोचणारच नाही, कारण तो 20 च्या आसपास आडवा होतो. अर्धायुष्य असं वाढत नसतं. दुरुस्त आलेखावर मात्र 160 ते 80, 80 ते 40, 120 ते 60, कुठूनही सुरुवात करा, 4 मिनिटंच येतात. अशी दोन-तीन वाचनं घेऊन सरासरी काढावी, तीही वक्राच्या वरच्या भागातून. शेपटाकडे काउंट कमी असतात आणि ऱ्हास यादृच्छिक असल्याने 30 च्या जागी 25 किंवा 35 सहज येतात. अशा आलेखावरून ‘4.137 मिनिटं’ लिहिलेलं पाहिलं की मला राहवत नाही. ‘सुमारे 4’ हेच प्रामाणिक उत्तर.

उलटी चूकही होते. उभ्या अक्षावर ‘दुरुस्त काउंट’ लिहिलेलं असताना पुन्हा 20 वजा केले, तर पहिलं वाचन 3.3 मिनिटं येतं आणि दुसरं 2.8. म्हणजे वाचनं वाढत गेली तर वजाबाकी राहिली आहे, घटत गेली तर ती दोनदा झाली आहे.