मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज परवाना का मागते?

विंडोज पहिल्यांदा सक्रिय होते तेव्हा ती संगणकातील सुट्या भागांच्या माहितीवरून एक सांकेतिक ओळख तयार करते आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर परवान्याची नोंद त्या ओळखीशी जोडली जाते. रॅम वाढवली किंवा हार्ड डिस्क बदलली, तर ही ओळख सहसा पुरेशी जुळते. मदरबोर्ड बदलला की मात्र सर्व्हरच्या दृष्टीने तो नवाच संगणक ठरतो आणि पडद्यावर बहुधा `0xC004F211` हा क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्राचे हार्डवेअर बदलले आहे. परवाना बनावट असल्याचा तो पुरावा नव्हे.

परवाना ‘लवकरच संपणार’ हा संदेश मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. घरगुती परवान्याला मुदतच नसते. मुदत असते ती प्रामुख्याने संस्थांसाठीच्या केएमएस पद्धतीला: तिथे संगणक संस्थेच्याच सर्व्हरकडून 180 दिवसांसाठी सक्रिय होतो आणि दर 7 दिवसांनी ती मुदत पुन्हा वाढवून घेण्याचा प्रयत्न करतो. समजा, मदरबोर्ड बदलताना दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकली आणि काही महिन्यांनी हा इशारा आला. तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील दोन आज्ञा द्याव्यात.

```
slmgr /xpr
slmgr /dli
```

पहिली मुदतीची तारीख सांगते आणि दुसरी परवान्याचा प्रकार. दुसऱ्या खिडकीत `VOLUME_KMSCLIENT` दिसले आणि संगणक कोणत्याही संस्थेचा नसेल, तर दोष नव्या मदरबोर्डचा नाही. मूळ परवान्याच्या जागी भलताच परवाना बसवला गेला आहे. अशा वेळी तोच परवाना पुन्हा पुन्हा सक्रिय करत बसण्यात अर्थ नाही, स्वतःची मूळ की टाकावी लागते.

मूळ परवाना नव्या मदरबोर्डवर चालेल का, हे तो कसा घेतला होता यावर ठरते. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. तो हार्डवेअर बदलण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर `Settings > System > Activation` मध्ये `Troubleshoot` निवडून, त्याच खात्याने प्रवेश करून, `I changed hardware on this device recently` या पर्यायातून आपले यंत्र निवडता येते. आवृत्ती मात्र तीच हवी. होमचा परवाना प्रोला चालत नाही.

संगणकासोबत आलेला ओईएम परवाना मात्र त्या यंत्राशीच बांधलेला असतो आणि अनेक लॅपटॉपांत त्याची की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच साठवलेली असते, त्यामुळे बोर्डासोबत तीही जाते. म्हणूनच बिघडलेला बोर्ड उत्पादकाकडून बदलून घेणे श्रेयस्कर, कारण बिघाडामुळे दिलेल्या बदली बोर्डावर जुना परवाना ग्राह्य धरला जातो. केवळ वेग वाढवण्यासाठी दुसरा बोर्ड बसवल्यास सहसा नवा परवाना घ्यावा लागतो.