मेंडोसल शिवण व पश्चकपालाचा अस्थिभंग

पडलेल्या लहान मुलाच्या डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये पश्चकपालास्थीत (कवटीचे मागचे हाड) दिसणारी काळी रेघ म्हणजे दरवेळी तडा नसतो. गैरसमजाचे नेहमीचे कारण म्हणजे मेंडोसल ही जन्मतः असणारी शिवण, म्हणजे कवटीच्या हाडाच्या भागांमधला सांधा.

या हाडाचा वरचा भाग पडद्यासारख्या ऊतीपासून आणि खालचा कूर्चेपासून घडतो. मेंडोसल शिवण या दोहोंच्या सीमेवर असते. वरचा भाग नेमक्या किती अस्थिकेंद्रांतून, म्हणजे हाड बनायला सुरुवात होते अशा ठिकाणांतून, तयार होतो, याबद्दल शरीररचनाशास्त्रज्ञांत एकमत नाही. केंद्रांच्या जोड्या दोन की तीन, हा वाद जुना आहे. केंद्रे ठरावीक संख्येने मोजण्यापेक्षा त्यांच्या सांधण्यात व्यक्तिगणिक फरक पडतो असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जादा शिवणी आणि सुटी हाडे या दोहोंचा उलगडा त्यातून होतो. शिवण बुजण्याचा काळही निश्चित सांगता येत नाही. जुन्या ग्रंथांत तो जन्मानंतरचे काही महिने असा येतो. सीटीत मात्र तिचे अवशेष काही वर्षांच्या मुलांतही आढळतात.

ही शिवण पश्चकपालास्थी आणि तिच्या वर-पुढे असणाऱ्या पॅरायटल हाडांमधल्या लॅम्डॉइड शिवणीपासून निघून मध्यरेषेकडे जाते आणि बहुधा वाटेतच विरते. तिच्या कडा नागमोडी असतात, वय वाढेल तशा दाट पांढऱ्या दिसतात आणि बहुधा दोन्ही बाजूंना जोडी असते. अस्थिभंगाची रेघ सरळ, धारदार, पांढऱ्या कडा नसलेली असते. शेजारच्या शिवणीकडे जाताना ती रुंदावते, प्रसंगी तिला ओलांडते किंवा फाकवते.

कोथरूडमधील आठ महिन्यांचे बाळ दिवाणावरून फरशीवर पडले, उजव्या कानाच्या वर-मागे मऊ टेंगूळ आले, असे समजू. स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना लॅम्डॉइडपासून आत जाणाऱ्या, साधारण सारख्या नागमोडी रेघा आहेत; त्यांवरची त्वचा सुजलेली नाही. या शिवणी. टेंगळाखाली मात्र उजव्या पॅरायटल हाडात एक सरळ रेघ लॅम्डॉइडकडे रुंदावत जाते. डावीकडे तिची जोडी नाही. हा तडा. आईच्या मनात भीती मागच्या रेघांची असली, तरी लक्ष द्यायचे ते या रेघेकडे.

जोडी नसली म्हणून रेघ तडाच, असे मात्र नव्हे. मेंडोसल एका बाजूलाच उरू शकते. सूजही सुरुवातीच्या तासांत दिसेलच असे नाही. आडव्या कापांना समांतर गेलेला तडा जाड कापांत निसटतो. म्हणून सुमारे एक मिलिमीटर जाडीचे काप, हाड ठळक दाखवणारी हाडांची विंडो आणि त्रिमितीय चित्र एकत्र पाहतात. फक्त यासाठी स्कॅन पुन्हा करून बाळाला जादा किरणोत्सर्ग देऊ नये. आहे त्याच माहितीतून त्रिमितीय चित्र बनते.

मेंदूत रक्तस्राव नसलेला, हाड आत न दबलेला साधा तडा बहुधा देखरेखीवर भरून येतो. तीन वर्षांखालील मुलांत क्वचित खालचे मेंदूचे आवरण फाटून तडा वाढत जातो. यासाठी काही आठवड्यांनी ती जागा पुन्हा चाचपून पाहतात. सांगितलेली हकीकत तड्याशी जुळत नसेल, तर मुलाला मारहाण झाली का, याचाही विचार करावा लागतो.