समोच्चरेषांच्या पत्रिकेत गुण कुठे जातात?

आमचा नकाशावाचनाचा सराव संच सोडवून पाठवला की तपासलेली पत्रिका परत येते, आणि मग बऱ्याच जणांचा फोन येतो: ‘उत्तर तर बरोबर आहे, मग गुण का कापले?’ त्याचं उत्तर इथे देतो.

उताराचा प्रश्न ४ गुणांचा. समजा नकाशाचं प्रमाण १:५०,००० आणि लगतच्या दोन समोच्चरेषांत २० मीटरचा फरक आहे. ‘अ’ ६४० च्या रेषेवर, ‘ब’ ७४० च्या रेषेवर, मोजपट्टीने अंतर २ सेंमी. या प्रमाणात १ सेंमी म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, म्हणून अंतर १००० मीटर आणि चढ १०० मीटर. उतार १:१०, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपास.

हमखास चूक होते ती रेषा मोजताना. ‘अ’ ते ‘ब’ रेषा सहा भरतात आणि सहा गुणिले वीस, १२० मीटर असं लिहिलं जातं. रेषा सहाच आहेत, पण त्यांच्यामधल्या जागा पाच. चुकलेल्या १२० वरून पुढचं गणित नीट केलं असेल तर आम्ही एकच गुण कापतो, कारण चूक एकदाच झालेली असते.

सोंड आणि दरी ओळखताना घोटाळा वेगळा होतो. दोन्हींच्या रेषा ‘व्ही’सारख्याच वळतात. टोक वाढत्या उंचीकडे असेल तर दरी, कमी होणाऱ्या उंचीकडे असेल तर डोंगराची सोंड. ‘टोक वर म्हणजे दरी’ असं पाठ केलेले लोक कागदाची वरची बाजू धरतात. म्हणून आम्ही मुद्दाम उत्तरेकडे वाहणारा एक ओढा देतो. त्याचा उगम दक्षिणेला, त्यामुळे दरी असूनही टोक कागदावर खाली येतं. नुसतं ‘दरी’ लिहिलं तर अर्धेच गुण. ‘टोक ७०० कडून ७२० कडे, म्हणून दरी’ असं आकड्यांनिशी लिहिलं तर पूर्ण.

तीव्रतेसाठी ‘रेषा जवळजवळ आहेत’ एवढं पुरत नाही, कुठून कुठपर्यंत ते हवं. सह्याद्रीत बेसॉल्टच्या थरांमुळे उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो: रेषांचा गठ्ठा, मग मोकळी जागा, पुन्हा गठ्ठा. अशा ठिकाणी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच सरासरी उतार काढला तर कातळकडा आणि त्याखालची सपाटी दोन्ही हरवतात. दोन नकाशांची तुलना असेल, तर प्रमाण आणि रेषांतर आधी पाहा. ती वेगळी असतील तर रेषांची दाटी काहीच सांगत नाही.

एक उत्तर मात्र आम्ही सरळ खोडतो: ‘इथे कडा नाही.’ ७२० आणि ७४० च्या रेषांमध्ये १५ मीटरचा उभा कडा सहज मावतो आणि समोच्चरेषांत त्याचा मागमूसही दिसत नाही. ‘या रेषांवरून कडा दिसत नाही’ असं लिहा, गुण मिळतील. ट्रेकला जाणाऱ्यांनी तर हा फरक लक्षात ठेवाच.