गवताचं गलबत: एकाच डॉक्युमेंटमध्ये तिघंजण एकदम लिहितात तेव्हा

समजा तुम्ही आणि तुमची मैत्रीण एकच डॉक्युमेंट उघडून बसलाय आणि त्यात एकच शब्द आहे, "गरज". तुम्ही सुरुवातीला न टाकला आणि नेमकं त्याच वेळी तिने शेवटचा ज खोडला. दोघांच्या मनातलं एकत्र केलं तर उत्तर सरळ आहे, "नगर" व्हायला पाहिजे. पण कॉम्प्युटर एकमेकांना काय पाठवतात बघा. तुमच्याकडून गेलं "१ नंबरला न टाक", तिच्याकडून आलं "३ नंबरचं अक्षर खोड". तिच्या स्क्रीनवर सगळं नीट होतं. तुमच्या स्क्रीनवर मात्र आधीच "नगरज" झालेलं असतं, त्यातलं तिसरं अक्षर र, तो उडतो आणि तुम्हाला दिसतं "नगज". दोघांची डॉक्युमेंटं इथून वेगळी झाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणालाच एरर आली नाही, पुढचं प्रत्येक अक्षर आता थोडंथोडं चुकीच्या जागी पडत जाणार.

लॉक लावून, म्हणजे एका वेळी एकानेच लिहायचं असं करून हे सुटतं, पण मग एकत्र लिहिण्यात काही अर्थच उरत नाही. टाईप केलेलं अक्षर लगेच दिसलं पाहिजे, त्यासाठी सर्व्हरच्या परवानगीची वाट बघायची नाही, आणि शेवटी सगळ्यांकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, अशी दुहेरी अट आहे.

यावरचा पहिला मोठा उपाय एलिस आणि गिब्ज या दोघांनी १९८९ मध्ये मांडला, ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, थोडक्यात ओटी. कल्पना अगदी साधी आहे. समोरून आलेली सूचना जशीच्या तशी लावायची नाही, ती पाठवणाऱ्याला माहीत नसलेलं आपल्याकडे काय काय झालंय ते बघून तिचा नंबर सुधारायचा. तुमच्याकडे सुरुवातीला एक अक्षर वाढलंय ना, मग "३ नंबरचं खोड" याचं "४ नंबरचं खोड" करून घ्या, ज जातो, "नगर" मिळतं. टाकणं विरुद्ध टाकणं, टाकणं विरुद्ध खोडणं, अशा प्रत्येक जोडीसाठी नंबर कसा सरकवायचा याचं एकेक छोटं फंक्शन लिहायचं, बस. दोघंच असतील तर हे संध्याकाळभरात लिहून होतं, आणि चालतंही.

खरी गंमत तिसरा माणूस आला की सुरू होते, आणि ती एकदा कागदावर करून बघायलाच हवी. शब्द घ्या "गवत". पहिला माणूस व आणि त च्या मध्ये ब टाकतो, म्हणजे ३ नंबरला ब. दुसरा व खोडतो, म्हणजे २ नंबरचं अक्षर. तिसरा ग आणि व च्या मध्ये ल टाकतो, २ नंबरला ल. तिघांनी एकदम केलंय, कुणाला कुणाचं माहीत नाही. ल हा व च्या डावीकडे होता, ब उजवीकडे होता, मधला व गेला, तर "गलबत" व्हायला पाहिजे. एक नियम आपण आधीच ठरवून ठेवलाय, की दोन अक्षरं अगदी एकाच नंबरवर आली तर लहान नंबरच्या माणसाचं अक्षर डावीकडे. असा काहीतरी नियम लागतोच, नाहीतर दोन्हीकडे उलटसुलट होईल.

आता एका मशीनवर आधी ल आला. "गलवत" झालं. मग ब ची सूचना आली, तिचा ३ सुधारून ४ केला, "गलवबत". मग खोडायची सूचना आली, तिचा २ चा ३ केला, व गेला, "गलबत". बरोबर.

दुसऱ्या मशीनवर सूचना वेगळ्या क्रमाने पोचल्या. आधी व खोडला गेला, राहिलं "गत". मग ब आला, डावीकडचं एक अक्षर कमी झालंय म्हणून ३ चा २ केला, "गबत". शेवटी ल आला, त्याचा नंबर २, व खोडल्यामुळे त्यात काही फरक पडत नाही, पण आता २ नंबरवर ब पण बसलाय. टाय. नियम लावला, पहिल्या माणसाचं डावीकडे, म्हणून ल सरकून ३ ला गेला. "गबलत".

प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी बरोबर होतं, प्रत्येक जोडी सुटी तपासली तर पास होत होती, तरी निकाल वेगळा आला. कारण ल आणि ब च्या मध्ये व होता ही माहितीच व बरोबर पुसली गेली. नंबर म्हणजे नुसतं "सुरुवातीपासून कितवं", त्यात शेजारी कोण होतं याची आठवण नसते, आणि जी माहिती सूचनेत नाहीच ती फंक्शन आणणार कुठून.

हा प्रश्न किती चिवट आहे ते २००३ मध्ये कळलं. फ्रान्समधल्या इमिन, मोली, ओस्टर आणि रुसिनोविच यांनी तोपर्यंत छापून आलेली ट्रान्सफॉर्मेशनची फंक्शनं एका ऑटोमॅटिक थिअरम प्रूव्हरला दिली, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला, आणि त्याने एकेकाची मोडणारी उदाहरणं शोधून समोर ठेवली. यातली काही फंक्शनं आधीच्यांच्या चुका दुरुस्त करायला म्हणून लिहिलेली होती.

मग गूगल डॉक्स कसं चालतं? तिथे हा खड्डा बुजवलेला नाही, वळसा घालून टाळलाय. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९९५ साली जुपिटर नावाच्या सिस्टिमने दाखवलं की मध्ये एक सर्व्हर ठेवला आणि तो ठरवेल तोच क्रम सगळ्यांनी मानला, तर कुठल्याही मशीनला तिघांचा हिशोब करावाच लागत नाही, फक्त "मी आणि सर्व्हर" एवढाच हिशोब उरतो. आणि दोघांचं गणित तर सुटलेलं आहे. वर गूगलच्या पद्धतीत क्लायंट एका वेळी एकच गठ्ठा पाठवतो, सर्व्हरकडून पोच येईपर्यंत पुढचं टाईप केलेलं स्वतःकडे साठवून ठेवतो, त्यामुळे सर्व्हरला प्रत्येकाचं वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. मला हे डिझाईन मनापासून आवडतं. पण किंमत उघड आहे, मधला सर्व्हर काढता येत नाही.

२००३ ची ती मोडतोड करणाऱ्या मंडळींपैकी ओस्टर, मोली आणि इमिन यांनी उर्सो यांच्यासोबत २००६ मध्ये एक वेगळीच पद्धत आणली, तिचं नाव वूट, आणि त्या नावाची फोड आहे "विदाउट ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन". नंबर सुधारत बसण्याऐवजी त्यांनी नंबरच काढून टाकला, आणि प्रत्येक अक्षराला जन्मतःच एक कायमची ओळख दिली जी परत कधी बदलत नाही. या घराण्याला सीआरडीटी हे नाव २०११ मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांच्या पेपरमुळे मिळालं, मराठीत म्हणायचं तर कॉपी कितीही असोत, भांडण होणारच नाही अशी डेटाची रचना.

गवतावर परत येऊ. ओळख म्हणजे एक वाढता आकडा आणि माणसाचा नंबर, `4@3` म्हणजे तिसऱ्या माणसाचं अक्षर, आकडा ४. मूळ शब्द शून्य नंबरच्या माणसाने लिहिलाय असं धरा. आता तिसरा माणूस "२ नंबरला ल" म्हणत नाही, तो म्हणतो "`1@0` च्या नंतर ल". आणि खोडणारा अक्षर काढत नाही, त्यावर फक्त खूण करतो:

```
1@0  ग
4@3  ल   (1@0 नंतर)
2@0  व   [खोडलेलं]
4@1  ब   (2@0 नंतर)
3@0  त   (2@0 नंतर)
```

एकाच अक्षरानंतर दोघं आले, जसे ग नंतर ल आणि व, तर मोठा आकडा आधी, म्हणजे जे नवीन आहे ते आधी. आता या सूचना कुठल्याही क्रमाने लावा (एवढंच बघा की ज्याच्या नंतर यायचं ते अक्षर आधी पोचलेलं असावं), यादी हीच तयार होते, आणि खूण केलेलं वगळून वाचलं की "गलबत". व दिसत नाही पण जागेवर आहे, आणि ल-ब चं भांडण तोच सोडवतो. या खूण केलेल्या अक्षरांना टूमस्टोन म्हणतात, आणि ओटीमध्ये जी माहिती हरवत होती ती नेमकी इथे जपलेली असते.

सांभाळायची म्हटल्यावर जागा लागणारच. मार्टिन क्लेपमन यांनी त्यांचा एक पेपर लिहिताना प्रत्येक कीस्ट्रोक रेकॉर्ड केला होता आणि ते रेकॉर्डिंग आता या क्षेत्रात टेस्टसाठी सर्रास वापरतात. त्यात २,५९,७७८ बदल आहेत आणि शेवटी उरलेली अक्षरं १,०४,८५२. प्रत्येक अक्षराला सुटी ओळख, सुटा ऑब्जेक्ट असं भाबडेपणाने साठवलं तर मेमरी मजकुराच्या कित्येक पट खाल्ली जाते. पण माणूस सलग टाईप करतो, मग ओळखीही सलग येतात, ४, ५, ६, ७, त्या सुट्या ठेवायची गरजच नाही, "४ पासून पुढची ५० अक्षरं" एवढं एकदा लिहिलं की झालं. वायजेएस आणि ऑटोमर्ज या लायब्रऱ्या याच जोरावर वापरण्याजोग्या झाल्यात, ऑटोमर्जची तर याच रेकॉर्डिंगची फाईल सगळ्या इतिहासासकट मूळ मजकुरापेक्षा साधारण ३० टक्केच मोठी होते.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. काही सीआरडीटी, उदाहरणार्थ लोगूट, अक्षराची जागा दोन शेजाऱ्यांच्या मधला एक अपूर्णांकासारखा आकडा म्हणून ठरवतात. दोघांनी ऑफलाइन असताना एकाच जागी लिहिलं, एकाने "लवकर" आणि दुसरीने "परत", आणि दोघांचे आकडे त्याच पट्ट्यात पडले, तर जोडल्यावर "लपवरकतर" असं काहीतरी निघू शकतं. सगळ्यांकडे सारखंच निघतं हं, म्हणजे गणिताची अट पूर्ण झाली, पण लिहिणाऱ्याचं काम मातीत गेलं. म्हणून लायब्ररी निवडताना मी सगळ्यात आधी हीच टेस्ट करते, दोन क्लायंट तोडायचे, एकाच जागी एकेक परिच्छेद टाईप करायचा, एकदा सरळ आणि एकदा कर्सर दर अक्षराला मागे नेत उलटा, मग जोडून बघायचं. वरच्या यादीसारखी पद्धत सरळ लिहिताना टिकते, उलटं लिहिलं तर तिच्यातही अक्षरं मिसळू शकतात.

आणि एक गोष्ट दोन्ही पद्धतींना जमत नाही. "मरठी" ही चूक दोघांनी एकदम बघितली आणि दोघांनी काना दिला, तर डॉक्युमेंटमध्ये दोन काने येतात, कारण दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळी चिन्हं टाकलीत. त्यांचा हेतू एकच होता हे सूचनेत कुठेच लिहिलेलं नाही.

देवनागरीवरून आठवलं, मोजणीचं एकक सगळीकडे एकच आहे ना ते आधी बघा. "क्षि" आपल्याला एक अक्षर दिसतं पण युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत, आणि बऱ्याचशा इमोजी जावास्क्रिप्टमध्ये दोन किंवा जास्त मोजल्या जातात तर रस्टमध्ये char ने मोजलं की त्यातल्या कित्येक एकच. आमच्या एका एडिटरमध्ये सर्व्हर एका पद्धतीने मोजत होता आणि ब्राउझर दुसऱ्या, मजकूर इमोजी येईपर्यंत व्यवस्थित, मग त्यानंतरचं सगळं एकेक घर सरकलेलं. दोन दिवस मी ट्रान्सफॉर्मच्या फंक्शनमध्ये चूक शोधत होते. ती पकडली गेली ती दर काही बदलांनंतर पूर्ण मजकुराचा हॅश सर्व्हरशी ताडून बघायला लागल्यावर, नेमका कुठल्या बदलानंतर हॅश फुटला ते दिसलं आणि त्या बदलात इमोजी होती. हा हॅश आणि तीन क्लायंट घेऊन रँडम बदल रँडम क्रमाने मारणारी टेस्ट, या दोन गोष्टी मी आता एडिटर लिहायला घ्यायच्या आधी लिहिते.

निवड कुठली करायची म्हणाल तर सगळे ऑनलाइन असणार आणि सर्व्हर तुमचाच असेल तर मी ओटी घेईन, इतिहासाचं ओझं क्लायंटवर येत नाही. पण लोक तासन् तास नेटशिवाय लिहिणार असतील तर ओटी दमते, कारण तिकडे दहा हजार आणि इकडे दहा हजार बदल साठले की साध्या पद्धतीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालावी लागते, म्हणजे दहा कोटी वेळा नंबर सरकवणं. तिथे सीआरडीटीच. अलीकडे जोसेफ जेंटल आणि क्लेपमन यांनी एग-वॉकर नावाची पद्धत आणलीय, ती डिस्कवर साधे नंबर आणि कुठला बदल कशानंतर झाला एवढंच ठेवते, आणि दोन फांद्या जोडायची वेळ आली की तेवढ्या भागापुरती सीआरडीटी मेमरीत उभी करते, काम झालं की टाकून देते. आपल्या उदाहरणात खोडलेला व मग फक्त गलबत जुळेपर्यंतच मेमरीत असतो.