सराफाची सुवर्णभिशी: रुपये साठतात की ग्रॅम?

सराफी पेढीत दरमहा हप्ता भरून वर्षाअखेरीस दागिना घेण्याच्या योजनेला आपल्याकडे सर्रास ‘भिशी’ म्हणतात, आणि या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार चालतात. पहिल्या प्रकारात दर महिन्याचा हप्ता रुपयांतच जमा राहतो. बहुधा अकरा हप्ते भरले की बाराव्या हप्त्याएवढी किंवा त्याच्या काही भागाएवढी रक्कम पेढी स्वतःकडून घालते, आणि त्या एकूण रकमेचे सोने दागिना घेण्याच्या दिवशीच्या दराने मिळते. दुसऱ्या प्रकारात हप्ता भरला त्याच दिवशीच्या दराने त्याचे वजन काढून ते आपल्या नावावर लिहितात, त्यामुळे वर्षभरात रुपये साठत नाहीत, ग्रॅम साठतात. कार्ड दोन्हींत सारखेच दिसते. काउंटरवरचा माणूसही दोन्हींचे वर्णन ‘दर महिन्याला थोडे थोडे सोने घ्या’ याच वाक्याने करतो, म्हणून फरक दागिना घेण्याच्या दिवशी कळतो आणि तोवर वर्ष उलटलेले असते.

फरक नेमका किती पडतो, हे एका हिशेबाने पाहू. दर समजण्यापुरते घेतलेले आहेत. दरमहा 5,000 रुपयांचा हप्ता आहे; पहिल्या महिन्यात 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 8,000 रुपये आहे आणि तो महिन्याला शंभर रुपयांनी वाढत अकराव्या हप्त्याला 9,000 वर व बाराव्या महिन्यात, म्हणजे खरेदीच्या दिवशी, 9,100 वर पोहोचला आहे. वजनाच्या योजनेत पहिल्या हप्त्याला 0.625 ग्रॅम जमा होते, अकराव्याला 0.556, आणि सगळे मिळून सुमारे 6.480 ग्रॅम होतात. रुपयांच्या योजनेत 55,000 जमा झाले. पेढीने पूर्ण बारावा हप्ता घातला तर 60,000 होतात आणि 9,100 च्या दराने 6.593 ग्रॅम येतात. पेढीने हप्त्याच्या 75 टक्केच, म्हणजे 3,750 रुपये, घातले तर मात्र 6.456 ग्रॅमच हाती पडतात. दर असा संथपणे चढत असेल तर दोन्ही योजना जवळपास सारख्याच ठरतात.

दर झपाट्याने चढला की चित्र बदलते. हाच दर महिन्याला तीनशेने वाढून खरेदीच्या दिवशी 11,300 झाला, तर वजनाच्या योजनेत 5.848 ग्रॅम जमलेले असतात, आणि पूर्ण बारावा हप्ता मिळूनही रुपयांच्या योजनेत 5.310 ग्रॅमच येतात. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, त्या दिवशीच्या दराने सहा हजारांचा फरक झाला. उलट दर महिन्याला शंभरने घसरून 6,900 वर आला तर रुपयांच्या योजनेत 8.696 ग्रॅम मिळतात आणि वजनाच्या योजनेत 7.346. म्हणजे रुपयांच्या योजनेत भाव वाढण्याचा धोका ग्राहकाकडे राहतो आणि त्याच्या बदल्यात ठरलेली सूट मिळते. वजनाच्या योजनेत वाढत्या भावापासून संरक्षण मिळते, पण सूट बहुधा नसते आणि पडत्या भावात आधीचे महाग ग्रॅम गळ्यात पडतात. मुलीच्या लग्नासाठी अमुक तोळे लागणारच असतील तर माझा कल वजनाच्या योजनेकडे आहे, कारण तिथे गरज ग्रॅमची असते, रुपयांची नसते.

रुपयांच्या योजनेतली सूट कागदावर फार आकर्षक दिसते. अकरा हप्ते सरासरी सहाच महिने पेढीकडे असतात आणि 55,000 वर 5,000 मिळतात, म्हणजे वर्षाला साधारण 18 टक्के. हेच हप्ते बँकेच्या आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी टाकले तर एवढ्या काळात 1,800 रुपयांच्या आसपास व्याज होईल. मग सराफाला हे परवडते कसे? एक तर त्याला बँकेच्या कर्जाशिवाय खेळते भांडवल मिळते. दुसरे असे की ग्राहक वर्षभर आधीच बांधला जातो. वर्षाअखेरीस तो दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जाऊच शकत नाही. आणि भाव विचारायचा तो सोन्याचा नसतो, घडणावळीचा असतो.

वरच्याच उदाहरणात ग्राहकाने 8 ग्रॅमची साखळी निवडली असे समजू. 9,100 च्या दराने सोने झाले 72,800 रुपयांचे. पेढीची घडणावळ 14 टक्के, म्हणजे 10,192. शेजारच्या दुकानात तशाच साखळीची घडणावळ 9 टक्के असती तर 6,552 लागले असते. फरक 3,640 रुपयांचा. त्यावर 3 टक्के जीएसटी धरला की 3,749. पेढीने मोठ्या मनाने दिलेले 3,750 रुपये एक रुपया सोडून सगळे परत गेले! म्हणून योजनेत नाव घालण्यापूर्वी तिथल्या साखळी, बांगडी आणि कानातल्यांची घडणावळ प्रत्येकी किती टक्के आहे, ‘घट’ म्हणून वेगळे काही लावतात का, आणि भिशीच्या ग्राहकालाही तोच दर लागतो का, हे आज विचारून लिहून घ्यावे. वजनाच्या काही योजनांत सवलत घडणावळीवर असते, पण ‘अमुक टक्क्यांपर्यंत’ अशी मर्यादा घालून आणि फक्त जमा वजनापुरती. आपल्या उदाहरणात 6.480 ग्रॅम जमा आहेत, उरलेले 1.520 ग्रॅम त्या दिवशीच्या दराने, 13,832 रुपयांना घ्यावे लागतील आणि त्यांच्यावर घडणावळ पूर्ण लागेल. नेमक्या जमा वजनाचा दागिना जवळपास कधीच सापडत नाही, त्यामुळे वरचा खर्च गृहीत धरलेलाच बरा.

बाकीच्या अटी योजनेच्या अर्जामागे बारीक अक्षरांत असतात. हप्ता चुकला तर रुपयांच्या योजनेत सूट कमी होते किंवा पूर्ण जाते. मध्येच बंद केली तर मुद्दल मिळते, तेही पुष्कळदा रोख न देता दागिन्याच्याच रूपात. सोन्याची नाणी, वळी आणि कधी हिऱ्याचे दागिने सवलतीतून वगळलेले असतात, त्यामुळे ‘आपण नाणेच घेऊ, घडणावळ वाचेल’ हा विचार काउंटरवर अडतो.

वजनाच्या योजनेत एक जागा अशी आहे की तिथे चूक सहज लपते, आणि ती म्हणजे पासबुकातली एक ओळ. आमच्या मावशीच्या पासबुकात एका महिन्याची नोंद अशी होती: हप्ता 5,000, वजन 0.552. दराचा रकाना रिकामा. त्या दिवशी त्याच दुकानाच्या फळ्यावर 22 कॅरेटचा दर 8,300 होता, म्हणजे 0.602 ग्रॅम यायला हवे होते. शोधल्यावर कळले की भागाकार 24 कॅरेटच्या दराने केला होता आणि शेवटी मिळणार होते 22 कॅरेटचे वजन. दाखवल्यावर त्यांनी नोंद दुरुस्त केली, पण तोवर पाच महिने तसेच गेले होते. जवळपास आठ टक्क्यांची ही तूट महिन्याला अर्ध्या दशांश ग्रॅमची असते, त्यामुळे डोळ्यांत भरत नाही. पावतीवर तारीख, रक्कम, दर, शुद्धता आणि तीन दशांशांपर्यंतचे वजन, एवढे पाचही असले की हा भागाकार घरी मोबाइलवर करता येतो. हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर दर कोणत्या दिवसाचा धरतात, पैसे निघाल्याचा की पेढीला मिळाल्याचा, हेही विचारावे.

आता जोखमीकडे येऊ, आणि इथे दोन्ही योजना एकाच पायरीवर येतात. पासबुकात ग्रॅम लिहिलेले असले तरी आपल्या नावाने तिजोरीत सोने ठेवलेले नसते. ती पेढीच्या वहीतली देणी आहेत. कायद्याच्या भाषेत हप्ता हा बहुधा मालासाठी दिलेला आगाऊ पैसा असतो. कंपनीने असा पैसा 365 दिवसांच्या आत माल देऊन वळता केला तर 2014 च्या नियमांप्रमाणे तो ठेव मानला जात नाही. बहुतेक योजना अकरा हप्त्यांच्या का असतात, याचे उत्तर मुख्यतः याच मुदतीत आहे. पेढी कंपनी नसून भागीदारी किंवा एकाच मालकाची असेल तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा पाहावा लागतो. म्हणूनच दोन-तीन वर्षांची मुदत, किंवा सोने न घेता वर्षाअखेरीस रोख व्याज देण्याचे आश्वासन दिसले की ती सोनेखरेदी राहत नाही, पैसे गोळा करण्याची योजना होते, आणि तिथे थांबावे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंतचे विमासंरक्षण असते; पेढीच्या हप्त्यांना ते नाही. पेढी बुडाली तर आधी तारण घेतलेल्या बँका येतात, आपण नंतर.

हे आपल्या भागात घडलेले आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली आणि ठाण्यातील दुकाने बंद झाली. तिथे मुदत ठेवी ठेवणारेही होते आणि दरमहा सोन्याचे हप्ते भरणारेही. दोघांनाही पोलिसांत जावे लागले. अशा प्रकरणांत महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा, 1999 लावला जातो आणि त्यात मालमत्ता जप्त करून विकण्याची तरतूद आहे, पण त्या वाटेने पैसे परत येण्यास वर्षे लागतात. त्यामुळे दागिन्याची रक्कम मोठी असेल तर एकाच पेढीत ती वर्षभर साठू देण्यापेक्षा, भिशीत जेवढी सूट खरोखर पदरात पडते तेवढ्यापुरताच हप्ता ठेवून उरलेले पैसे बँकेत ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

शेवटची खबरदारी कागदांची. हप्ता धनादेशाने किंवा ऑनलाइन, पेढीच्याच नावाच्या खात्यात भरावा, मालकाच्या किंवा ओळखीच्या विक्रेत्याच्या खात्यात कधीही नाही. अर्जामागच्या अटींची सही-शिक्क्याची प्रत पहिल्या हप्त्याच्या दिवशीच मागून घ्यावी, कारण ती बदलली गेली तर जुनी कशी होती ते दुकानातून नंतर मिळत नाही. नामनिर्देशनाचा रकाना भरलेला आहे ना ते पाहावे. दागिना घेताना त्यावरचा सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक बीआयएसच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकून काउंटरवरच तपासावा, आणि तोपर्यंत पासबुक परत देऊ नये. पुष्कळ पेढ्या बिल बनवताना ते जमा करून घेतात, आणि एकदा ते गेले की कोणत्या महिन्याला किती ग्रॅम लिहिले होते याचा आपल्याकडे काहीच पुरावा उरत नाही. निदान प्रत्येक पानाचा फोटो आदल्या रात्री काढून ठेवावा.